विश्लेषण : बिडकीनमध्ये शेड बांधताना खर्च अंदाजापुढे का जातो? राखीव रक्कम किती आणि कशी ठेवावी?

छत्रपती संभाजीनगर-पैठण रस्त्यावरील बिडकीन औद्योगिक क्षेत्राचे लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. त्याआधी जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटरने येथील सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. एथर एनर्जीनेही ‘ऑरिक’मधील कारखान्याची घोषणा केली. मोठे कारखाने आले की त्यांना सुटे भाग पुरवणारे लहान उद्योजकही मागोमाग जागा शोधू लागतात. वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्यात भाड्याच्या गाळ्यात काम करणाऱ्यांपैकी अनेकांचा हा स्वतःच्या शेडचा पहिलाच अनुभव असतो. अशा शेडच्या अंदाजपत्रकात शेवटी एक ओळ असते : ‘आकस्मिक खर्च – ५ टक्के’. हे पाच टक्के कुठून आले, हे मात्र बहुतेकदा कोणीच विचारत नाही.

सरकारी कामाचा खर्च वाढतो, मग खासगी शेडची चिंता वेगळी का?

सरकारी कामाचा खर्च वाढणे मराठवाड्याला नवीन नाही. जायकवाडीहून छत्रपती संभाजीनगरला पाणी आणणारी नवी योजना १,६८० कोटी रुपयांची म्हणून सुरू झाली आणि पुढे २,७४० कोटींवर गेली. सरकारी कामात असे झाले की ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता मिळते. काम रखडते, टीका होते, पण वाढीव पैसा शेवटी कुठून तरी येतो.

लहान उद्योजकाला सुप्रमा देणारे कोणी नसते. त्याच्या शेडचे काम ९० टक्क्यांवर येऊन पैसा संपला तर पत्रे चढलेले असतात, पण फ्लोअरिंग अर्धे राहते किंवा वीजजोडणीची रक्कम भरायची राहते. अशा शेडमध्ये मशीन बसवता येत नाही. बँकेने दिलेली हप्त्यांची सवलत मात्र ठरलेल्या तारखेला संपते आणि हप्ता सुरू होतो. जुन्या गाळ्याचे भाडेही चालूच असते. ज्या कंपनीसाठी शेड बांधली, तिला नमुना भाग द्यायची तारीख उलटून जाते. दहा-पंधरा लाखांच्या तुटीमुळे दोन कोटींची शेड नुसती उभी राहते. त्यामुळे राखीव रक्कम ठरवण्याचे काम अंदाजपत्रकाच्या शेवटच्या ओळीवर ढकलून चालत नाही.

पाच टक्क्यांचा आकडा मग चुकीचा का?

तीन ते पाच टक्क्यांची सवय सरकारी अंदाजपत्रकांतून आली आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नियमावलीत एक कोटीपर्यंतच्या कामांसाठी ५ टक्के आणि त्यापुढच्या कामांसाठी ३ टक्के आकस्मिक खर्च धरण्याची पद्धत राहिली आहे. पण तेथे ही रक्कम किरकोळ अडचणींपुरती असते. भाववाढीसाठी मोठ्या करारांत वेगळे कलम असते आणि कामाचे स्वरूप बदलले तर सुधारित मान्यतेचा मार्ग असतो. खासगी शेडला या दोन्ही सोयी नसतात. टक्केवारी तीच उचलली, तिच्या मागची व्यवस्था मात्र उचलली गेली नाही.

दुसरी अडचण अशी की टक्केवारीला जागा कळत नाही. कठीण मुरमावरचा प्लॉट आणि आठ-दहा फूट काळ्या मातीचा प्लॉट या दोन्हींना तेच पाच टक्के लागू होतात. प्रत्यक्षात या दोन प्लॉटवर होणाऱ्या खर्चात मोठा फरक असतो.

राखीव रकमेत काय धरायचे नाही?

किती ठेवायचे हे ठरवण्याआधी तिच्यात काय येत नाही, हे स्पष्ट करावे लागते. तीन गोष्टी बाहेर ठेवाव्या लागतात.

पहिली म्हणजे, जो खर्च होणारच आहे तो राखीव नाही. याचे नेहमीचे उदाहरण जीएसटीचे आहे. उद्योजकाला कच्च्या मालावर आणि मशीनवर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते, म्हणून बांधकामावरील करही परत मिळेल असे तो गृहीत धरतो आणि अंदाजपत्रक कर वगळून करतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार स्वतःच्या वापराच्या इमारतीच्या बांधकामावरील कराचे क्रेडिट मिळत नाही. मशीनच्या पायाचा अपवाद आहे, पण शेडचा नाही. कंत्राटाच्या बिलावर १८ टक्के कर लागला तर पाच टक्क्यांची राखीव रक्कम पहिल्या काही बिलांतच संपते. हा खर्च पहिल्या दिवसापासून मूळ अंदाजपत्रकात हवा.

दुसरी गोष्ट मालकाच्या मनात नंतर येणाऱ्या बदलांची. शेडची उंची सहा मीटर ठरली आणि नंतर पाच टनांची क्रेन बसवावीशी वाटली, तर खांब, फूटिंग आणि गर्डर सगळेच बदलते. तो बदल योग्य असू शकतो, पण त्यासाठी वेगळा निर्णय आणि वेगळा पैसा लागतो. राखीव रक्कम ठरलेलीच शेड पूर्ण करण्यासाठी असते.

तिसरी, विम्याने भरून निघणारे नुकसान. बांधकाम सुरू असताना वादळाने उभे फ्रेम पडणे किंवा साइटवर आग लागणे यासाठी कंत्राटदाराची सर्वसमावेशक विमा पॉलिसी असते. अशी घटना क्वचित घडते, पण घडली तर राखीव रकमेच्या कितीतरी पट नुकसान करते. तिच्यासाठी पैसे बाजूला ठेवण्यापेक्षा विमा परवडतो.

या तिन्ही वगळल्या की उरतात त्या खऱ्या अनिश्चितता : ठरलेल्या कामात घडतील किंवा घडणारही नाहीत अशा गोष्टी. राखीव रक्कम फक्त त्यांच्यासाठी असते.

बिडकीनमध्ये सर्वांत मोठी अनिश्चितता कोणती?

बहुतेक प्लॉटवर ती जमिनीखाली असते. हा परिसर गोदावरीच्या खोऱ्यात येतो. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण अशी साधारण रचना. कापसासाठी उत्तम असलेली ही माती इमारतीसाठी त्रासदायक ठरते. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. शिवाय काळ्या मातीचा थर सगळीकडे सारखा नसतो. एकाच प्लॉटच्या एका कोपऱ्यात मुरूम चार फुटांवर लागतो, तर दुसऱ्या कोपऱ्यात जुनी नाली किंवा बुजलेला ओघळ असेल तर आठ फुटांवरही लागत नाही.

मालक साधारणपणे फूटिंगची काळजी करतो. खांब मुरमापर्यंत न्यायचे, म्हणजे थोडे जास्त खोदकाम आणि थोडे जास्त काँक्रीट, असा त्याचा हिशेब असतो. खरा पैसा फ्लोअरिंगखाली जातो. हजार चौरस मीटरच्या शेडमध्ये फ्लोअरिंगखालची काळी माती अंदाजापेक्षा एक मीटर जास्त खोल निघाली, तर हजार घनमीटर माती काढून बाहेर न्यावी लागते आणि तेवढाच मुरूम आणून थराथराने पाणी मारून दाबावा लागतो. हायव्याच्या शंभरच्या आसपास खेपा माती नेण्यासाठी आणि तेवढ्याच, किंबहुना जास्त, मुरूम आणण्यासाठी लागतात. काढणे, वाहतूक, मुरूम आणि रोलिंग मिळून घनमीटरला ९०० रुपये धरले तरी नऊ लाख होतात. फूटिंगसाठी आणखी तीन लाख धरले तर एका मीटरचा खर्च बारा लाखांवर जातो.

माती न बदलता वर काँक्रीट टाकले तर पहिला पावसाळा निघून जातो आणि त्यानंतर फरशीवर भेगा दिसू लागतात. सीएनसी किंवा ग्राइंडिंग मशीनची लेव्हल पुन्हा पुन्हा बिघडते आणि भागाचे माप सुटते. तेव्हा चालू कारखान्यातली फरशी फोडून दुरुस्ती करावी लागते. आधी लागले असते त्याच्या कितीतरी जास्त पैसे त्यात जातात.

उदाहरणादाखल हिशेब कसा मांडता येईल?

समजा, बिडकीनमध्ये २० बाय ५० मीटरची मशीनिंगची शेड बांधायची आहे. जमीन आणि मशीनचा हिशेब वेगळा. करासह बांधकामाचा मूळ अंदाज दोन कोटी रुपये आहे : पाया व फ्लोअरिंग ५० लाख, स्टीलचा सांगाडा व पत्रे ७० लाख, ऑफिस, भिंती व स्वच्छतागृह २५ लाख, वीज ३० लाख आणि कंपाउंड, आतला रस्ता, पाण्याची टाकी, अग्निशमन मिळून २५ लाख. हे आकडे पद्धत समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक प्लॉटवर दर वेगळे असतील.

आता प्रत्येक अनिश्चिततेला नाव द्यायचे. ती घडली तर किती पैसे लागतील आणि घडण्याची शक्यता किती, हे आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि शेजारच्या प्लॉटवर नुकतेच बांधकाम केलेला मालक यांना विचारून लिहायचे.

• काळी माती एक मीटर जास्त खोल : १२ लाख, शक्यता निम्मी.
• ऑर्डर देईपर्यंत स्टील महागले : ६ लाख, शक्यता तीनात एक.
• वीजजोडणीसाठी जास्त लांबीची केबल किंवा मोठा ट्रान्सफॉर्मर : ८ लाख, शक्यता चारात एक.
• पावसाळ्यामुळे तीन महिने उशीर, व्याज, जुने भाडे व साइटचा खर्च मिळून : ६ लाख, शक्यता निम्मी.
• अग्निशमन परवानगीच्या वेळी वाढीव टाकी, पंप किंवा हायड्रंट : ६ लाख, शक्यता तीनात एक.

पाचही गोष्टी घडल्या तर ३८ लाख लागतात, म्हणजे १९ टक्के. प्रत्येक रकमेला तिच्या शक्यतेने गुणून बेरीज केली तर ६, २, २, ३ आणि २, असे १५ लाख येतात, म्हणजे साडेसात टक्के. बरेच सल्लागार येथेच थांबतात आणि १५ लाख लिहितात.

सरासरी का पुरत नाही?

सरासरी शंभर शेड बांधणाऱ्याच्या कामाची असते. एका शेडवर कमी पडले तर दुसरीवरचे उरलेले वापरता येते. उद्योजक मात्र एकच शेड बांधतो. त्याच्या प्लॉटवर माती खोल निघाली तर बारा लाख लागतात, नाही निघाली तर शून्य. सहा लाख कधीच लागत नाहीत.

वरच्या पाच गोष्टींच्या सगळ्या जोड्या मांडून हिशेब केला, तर १५ लाखांची राखीव रक्कम जेमतेम निम्म्या वेळा पुरते. २० लाख ठेवले तर सुमारे चारात तीन वेळा पुरते. २६ लाख ठेवले तर दहात नऊहून जास्त वेळा पुरते. म्हणजे ‘किती टक्के?’ याआधी ‘किती खात्री हवी?’ हा प्रश्न येतो. ज्याच्याकडे गरज पडली तर विकता येईल असे सोने, दुसरा गाळा किंवा भागीदार आहे, त्याला २० लाखांवर भागवता येईल. ज्याचे सगळे या शेडमध्ये लागले आहे, त्याने २६ लाखांची सोय केल्याशिवाय काम सुरू करणे धोक्याचे. त्यापैकी २० लाख खात्यात आणि सहा लाख बँकेकडून आधीच मंजूर करून घेतलेल्या मर्यादेत, अशी विभागणीही करता येते.

या हिशेबाची एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. त्यात पाचही गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या आहेत. प्रत्यक्षात त्या एकमेकींना ओढून आणतात. माती खोल निघाली की खोदकाम लांबते, काम मेऐवजी जुलैत अडकते आणि भिजलेल्या काळ्या मातीत काँक्रीटची गाडी आत येत नाही. बारा लाखांच्या पाठोपाठ सहा लाख जवळपास ठरलेलेच. म्हणून दोन कलमे अशी जोडलेली दिसली तर राखीव रक्कम वरच्या बाजूला झुकती ठेवावी.

ही रक्कम कमी करता येते का?

येते, पण अंदाजपत्रकातला आकडा खोडून नव्हे. अनिश्चितता कमी केली की रक्कम आपोआप कमी होते. बिडकीनमध्ये यासाठी सर्वांत स्वस्त साधन माती परीक्षण हेच आहे.

कंत्राट देण्याआधी प्लॉटच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये जेसीबीने खड्डे घ्यायचे आणि मुरूम प्रत्येक ठिकाणी किती खोल लागला हे मोजून नकाशावर लिहायचे. मातीचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे. तेथे जमिनीची भारवहन क्षमता आणि ‘फ्री स्वेल इंडेक्स’ ही फुगण्याची चाचणी मागून घ्यायची. या चाचणीत चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घेऊन एका मोजपात्रात पाण्यात आणि दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींच्या आकारमानातील फरक रॉकेलमधल्या आकारमानाच्या ५० टक्क्यांहून जास्त निघाला तर ती माती फ्लोअरिंगखाली ठेवू नये, हा स्पष्ट इशारा समजायचा. एवढ्या सगळ्याचा खर्च बारा लाखांच्या तुलनेत किरकोळ असतो.

परीक्षणाचा निकाल काहीही आला तरी हिशेब सुधारतो. मुरूम वर निघाला तर मातीचे कलम यादीतून जाते. खोल निघाला तर बारा लाख मूळ अंदाजात जातात आणि अंदाज २ कोटी १२ लाखांचा होतो. दोन्ही परिस्थितीत उरलेल्या चार गोष्टींसाठी १२ लाख ठेवले की चारात तीन वेळा पुरतात. म्हणजे आधी २० लाखांत जेवढी खात्री मिळत होती, तेवढी आता १२ लाखांत मिळते. माती वाईट निघाली तर एकूण खर्च वाढतोच, पण तो कर्जाचा अर्ज करताना कळतो. खड्डा उघडा पडलेला आणि कंत्राटदार ‘एक्स्ट्रा आयटम’चे बिल घेऊन समोर उभा, अशा वेळी कळत नाही.

स्टीलच्या भावाचे काय करायचे?

स्टीलचा भाव एखाद्या सरकारी निर्णयानेही बदलतो. मे २०२२ मध्ये केंद्राने पोलादाच्या निर्यातीवर शुल्क लावले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते काढले. एप्रिल २०२५ मध्ये आयात होणाऱ्या काही सपाट पोलादावर १२ टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क लागले. शेडचे फ्रेम प्लेटपासून आणि छत पत्र्यापासून बनते, म्हणजे दोन्हीचा कच्चा माल सपाट पोलादच. भाव उलट दिशेनेही जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला.

शेड पुरवणाऱ्याचे कोटेशन बहुधा थोड्याच दिवसांसाठी लागू असते आणि ही अट शेवटच्या पानावर असते. कर्ज मंजूर व्हायला दोन महिने लागले तर जुन्या कोटेशनवर केलेला अंदाज कागदावरच राहतो. करार करताना स्टीलचे वजन किती टन आणि दर किलोला किती, हे वेगळे लिहून घेतले तर भाव बदलल्यावर नेमका किती फरक पडला हे मोजता येते. एकूण रक्कम एकाच आकड्यात लिहिली असेल तर पुरवठादार म्हणेल तो फरक मान्य करावा लागतो. ऑर्डर पक्की होऊन आगाऊ रक्कम दिली आणि दर बांधला गेला, की हे कलम यादीतून निघते आणि त्याचे पैसे मोकळे होतात.

बँक राखीव रकमेला कर्ज देते का?

प्रकल्प अहवालात आकस्मिक खर्चाचे कलम असते आणि बँक ते प्रकल्प खर्चात धरूही शकते. पण ती रक्कम आपोआप खात्यात येत नाही. खर्च झाल्याची बिले, इंजिनिअर आणि सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र दाखवल्यावर, मालकाने आपला हिस्सा घातल्यानंतरच ती सुटते. त्यामुळे कंत्राटदाराला शनिवारी द्यायचे पैसे आणि बँकेकडून येणारे पैसे यांत काही आठवड्यांचे अंतर पडते. राखीव रकमेचा निदान काही भाग स्वतःच्या खात्यात रोख असावा लागतो, तो याच कारणाने.

अहवालात हे कलम नसेल तर काम अडल्यावर वाढीव कर्जासाठी नव्याने तपासणी होते. अर्धवट शेड पाहून बँक आधी विचारते की मूळ अंदाज कसा चुकला. मोठ्या प्रकल्पांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ पासून लागू केलेल्या प्रकल्प वित्त निर्देशांतही हाच विचार दिसतो. वाढीव खर्चासाठी लागणारे राखीव कर्ज सुरुवातीच्या मंजुरीतच घेणे अपेक्षित आहे आणि नंतर घेतले तर त्याची किंमत जास्त. लहान शेडला हे निर्देश बहुधा थेट लागू होत नाहीत, पण बँकेचा दृष्टिकोन त्यातून कळतो.

रक्कम ठेवली, पण ती टिकते कशी?

राखीव रक्कम संपण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे ती चालू खात्यातच पडलेली असते. स्वच्छतागृहात चांगल्या टाइल्स, समोरच्या बाजूला काच, उद्घाटनासाठी लॉन, अशा एकेका लहान खर्चात ती जिरते. नंतर वीजजोडणीचे वाढीव मागणीपत्र आले की पैसे नसतात. म्हणून ती वेगळ्या खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवावी. कंत्राटदाराच्या करारात तिचा उल्लेखही नसावा. कंत्राटदाराला जो पैसा दिसतो, त्याचे बिल येतेच.

प्रत्येक वेळी पैसे काढताना एका वहीत चार गोष्टी लिहाव्यात : यादीतल्या कोणत्या कलमासाठी, किती, इंजिनिअरने मोजमाप तपासले का, आणि उरले किती. खर्च यादीतल्या कोणत्याही कलमात बसत नसेल तर तो राखीव रकमेतून द्यायचा नाही, किंवा यादीच अपुरी होती हे मान्य करून तिचा नव्याने हिशेब करायचा. या वहीचा आणखी एक उपयोग आहे. दर महिन्याला झालेले काम आणि संपलेली राखीव रक्कम शेजारी लिहिली की धोका लवकर दिसतो. प्लिंथपर्यंत आलेल्या कामात, म्हणजे साधारण पाव काम झालेले असताना, राखीव रकमेतले निम्मे पैसे संपले असतील तर लगेच थांबून पाहावे लागते. ते पैसे मातीवर गेले असतील तर चिंता कमी, कारण मातीचे कलम आता पुन्हा येणार नाही. ते किरकोळ वाढींत गेले असतील तर पुढेही तसेच होणार. अशा वेळी ऑफिसचा पहिला मजला, कंपाउंडचे फिनिशिंग यासारखी नंतर करता येण्याजोगी कामे लगेच मागे टाकायची आणि फ्लोअरिंग, वीज व अग्निशमन यांचे पैसे बांधून ठेवायचे. मशीन सुरू व्हायला हीच तीन कामे लागतात.

जसजसे टप्पे पार पडतात, तसतशी ठेवायची रक्कम कमी होते. प्लिंथ भरले की माती संपली. फ्रेम साइटवर आले की स्टील संपले. मीटर बसला की वीज संपली. उरलेले पैसे मात्र तेव्हाही टाइल्सवर जाऊ नयेत. नवीन शेडमध्ये पहिले दोन-तीन महिने मशीन बसवणे, नमुने मंजूर करून घेणे यात जातात आणि बिलाचे पैसे त्याच्याही पुढे येतात. त्या महिन्यांचा कच्चा माल आणि पगार यासाठी उरलेली राखीव रक्कम थेट खेळत्या भांडवलात वळवणे हा तिचा सर्वांत चांगला शेवट.

थोडक्यात, काय आधी करायचे?

प्लॉटचा ताबा मिळाल्यावर नकाशाआधी खड्डे. खड्ड्यांच्या नोंदींवरून मूळ अंदाज, करासहित. त्यानंतर पाच-सहा नावे असलेली यादी, प्रत्येकापुढे रक्कम आणि शक्यता. मग मालकाने किती खात्री हवी ते ठरवायचे, आणि तो आकडा कर्जाच्या अर्जात व वेगळ्या खात्यात दोन्हीकडे दिसला पाहिजे. पाया आणि प्लिंथ जूनआधी पूर्ण होणार नसेल, तर उशिराच्या कलमाची शक्यता ‘निम्मी’ न लिहिता सरळ मूळ खर्चात धरायची. हे सगळे करून येणारा आकडा कधी सहा टक्के असेल, कधी तेरा. दोन्ही बरोबर असू शकतात, कारण ते त्या प्लॉटवरून आलेले आहेत.